मराठी नामामागचं ‘इल’ आणि ‘उन’

व्हित्तोरिओ दे सिका यांचा १९४८ सालचा एक इटालियन चित्रपट जगभर गाजला. त्याचं मूळ नाव ‘लाद्री दी बिचिक्लेत्ते’. शब्दशः अर्थ ‘सायकलींचे चोर’. लाद्री हे अनेकवचन आहे आणि त्याच्या आधी कोणतंही उपपद नाही. अमेरिकेत मात्र तो ‘द बायसिकल थीफ’ या नावाने लागला, म्हणजे कोणीतरी ठरावीक एकच चोर. चित्रपटात आधी अंतोनियोची सायकल चोरीला जाते आणि शेवटी हताश झालेला अंतोनियो स्वतःच दुसऱ्याची सायकल पळवायला धजावतो. चोर एक नाही, हे मूळ नावातच सांगितलेलं होतं. ‘द’ लागला, अनेकवचनाचं एकवचन झालं आणि ती सूचना पुसली गेली.

आता मराठीकडून इटालियनकडे जाऊ. आपण नुसतं ‘सायकलचोर’ म्हणतो. ‘चोर’ या शब्दाचं एकवचन आणि अनेकवचन सारखंच आहे, उपपद तर मराठीत नाहीच. म्हणून हा शब्द इटालियनमध्ये नेताना चार वाटा फुटतात: इल लाद्रो म्हणजे तो ठरावीक चोर, उन लाद्रो म्हणजे कोणी एक चोर, ई लाद्री म्हणजे ते सगळे चोर आणि लाद्री म्हणजे नुसतेच चोर. इटालियन लिहिणाऱ्याला यांतली एक निवडावीच लागते.

पण मराठी याबाबत मुकी आहे, असं मानण्याचं कारण नाही. ‘टेबलावर पुस्तक आहे’ आणि ‘पुस्तक टेबलावर आहे’ ही वाक्यं शेजारी ठेवून पाहा. पहिलं वाक्य ‘टेबलावर काय आहे?’ या प्रश्नाचं उत्तर आहे. पुस्तक ही इथे नवी बातमी आहे, म्हणून इटालियनमध्ये ‘सुल ताव्होलो चे उन लीब्रो’. दुसरं वाक्य ‘पुस्तक कुठे आहे?’ याचं उत्तर आहे. कोणतं पुस्तक ते दोघांनाही माहीत आहे, म्हणून ‘इल लीब्रो ए सुल ताव्होलो’. टेबल दोन्हीकडे ओळखीचं आहे. ‘वर’ अर्थाचं ‘सू’ आणि टेबलाचं ‘इल’ एकत्र येऊन ‘सुल’ झालं आहे. जे काम इटालियन उपपदाकडून करून घेते, ते इथे मराठीने शब्दांच्या जागेवरून साधलं.

दुसरी खूण विभक्तीत असते. ‘मी डॉक्टर शोधतोय’ म्हणणाऱ्याला कोणीही डॉक्टर चालेल: ‘चेर्को उन मेदिको’. ‘मी डॉक्टरांना शोधतोय’ म्हणणाऱ्याच्या मनात मात्र एक ठरावीक व्यक्ती आहे: ‘चेर्को इल मेदिको’. माणसांच्या बाबतीत हा ‘ला’ किंवा ‘ना’ फार भरवशाचा असतो. निर्जीव वस्तूंना आपण तो क्वचितच लावतो, त्यामुळे तिथे संदर्भाकडेच पाहावं लागतं.

एक छोटा उतारा घेऊ. ‘दुपारी दारात बाई उभी होती. बाईच्या हातात पिशवी होती. पिशवीत आंबे होते. आईने आंबे घेतले आणि पैसे दिले.’

बाई पहिल्यांदाच समोर येते, म्हणून ‘ऊना दोन्ना’. दारही पहिल्यांदाच येतं, पण त्याला ‘ऊना’ लागत नाही. घर म्हटलं की त्याला दार असतंच, ते वाचकाला आधीच ठाऊक आहे. म्हणून ‘सुल्ला पोर्ता’, म्हणजे ‘सू’ आणि ‘ला’ यांची जोडी. दुसऱ्या वाक्यात बाई ओळखीची झाली, ती ‘ला दोन्ना’. पिशवी नवी, ती ‘ऊना बोर्सा’. तिसऱ्या वाक्यात पिशवी जुनी झाली, ‘नेल्ला बोर्सा’. आंबे नवे आणि अनेक, म्हणून ‘देई मांगी’. ‘उन’ला स्वतःचं अनेकवचन नाही, ते काम ‘देई’ करतं. चौथ्या वाक्यात तेच आंबे ‘ई मांगी’ होतात.

उरले पैसे. ‘देई सोल्दी’ लिहिलं तर आईने बाईला थोडेफार पैसे दिले, जणू मदत म्हणून, असं वाचलं जाईल. ‘ई सोल्दी’ लिहिलं तर ते आंब्यांचे, द्यायचे होते ते पैसे ठरतात. मराठी वाचकाला हे व्यवहारावरून आपोआप कळलं होतं. इटालियन वाचकापर्यंत ते पोहोचवायला ‘ई’ लिहावाच लागतो.

म्हणून प्रत्येक नामापाशी थांबून स्वतःला विचारावं: इथे ऐकणारा ‘कोणता?’ असं विचारेल का? विचारणार असेल तर उन किंवा ऊना, नसेल तर इल किंवा ला. ही कसोटी बहुतेक ठिकाणी उपयोगी पडते. एका जागी मात्र ती फसते, आणि मराठी माणसाच्या चुका तिथेच जास्त होतात.

‘मला आंबा आवडतो’ या वाक्यात कोणताही ठरावीक आंबा नाही, तरी इटालियनमध्ये ‘मी प्याचे इल मांगो’ असंच म्हणावं लागतं. एखाद्या जातीबद्दल किंवा आयुष्य, प्रेम, संयम अशा भाववाचक गोष्टींबद्दल सरसकट बोलताना इटालियन ठरावीक उपपदच वापरते. इथे आपल्याला अडचणीत आणते ती मध्ये शिरलेली इंग्रजी. शाळेपासून आपण परकं वाक्य इंग्रजीतून जुळवायला शिकलेलो असतो. ‘लाइफ इज ब्यूटिफुल’मध्ये उपपद नाही, म्हणून ‘व्हीता ए बेल्ला’ लिहावंसं वाटतं. रोबेर्तो बेनिन्यी यांच्या १९९७ सालच्या चित्रपटाचं नाव मात्र ‘ला व्हीता ए बेल्ला’ आहे.

दुसरीकडे इंग्रजी बाजूला ठेवली तर मराठी आपल्याला थेट योग्य ठिकाणी नेते. ‘मी हात धुतले’ असं आपण म्हणतो, ‘माझे’ जोडत नाही. इटालियनही जोडत नाही: ‘मी सोनो लाव्हातो ले मानी’. हात कोणाचे ते ‘मी’ सांगतो, उपपद फक्त हात ओळखीचे ठरवतं. इंग्रजीतून आलेला माणूस इथे ‘माझे’ घालतो आणि वाक्य परकं वाटू लागतं. जिथे ‘माझा’ खरोखर येतो तिथे त्याच्याआधी उपपद हवं: ‘इल मीओ लीब्रो’. एकट्या नातेवाइकाचा उल्लेख असेल तर ते गळतं: ‘मीओ फ्रातेल्लो’, माझा भाऊ. भाऊ अनेक झाले की ते परत येतं: ‘ई म्येई फ्रातेल्ली’.

अर्थ ठरल्यावर रूप निवडायचं. इथे नजर नामाच्या लिंगावर आणि उपपदाच्या लगेच पुढे येणाऱ्या ध्वनीवर हवी. विद्यार्थी म्हणजे ‘स्तुदेन्ते’. सुरुवातीला ‘स’ आणि त्याला जोडलेलं व्यंजन आहे, म्हणून ‘लो स्तुदेन्ते’. मध्ये ‘हुशार’ आलं की ‘इल ब्राव्हो स्तुदेन्ते’, कारण आता उपपदाच्या पुढे ‘ब’ आहे. भाषांतर तपासताना विशेषण नंतर घातलं असेल तर उपपद जुनंच राहिलं नाही ना, हे मुद्दाम पाहावं.

काही जागा मात्र मराठी वाक्यावरून सुटतच नाहीत. गोष्टीचं पहिलंच वाक्य ‘मुलं अंगणात खेळत होती’ असं असेल, तर ‘देई बांबीनी’ म्हणजे कोणीतरी मुलं आणि ‘ई बांबीनी’ म्हणजे घरातली, निवेदकाच्या ओळखीची मुलं. दोन्ही वाक्यं व्याकरणाने शुद्ध आहेत. अशा वेळी पुढची पानं वाचून मुलं कोणाची ते शोधावं, लेखक हयात असेल तर त्यालाच विचारावं, आणि मगच उपपद लिहावं.