महामार्गावर गाडी बंद पडली. साहेबांना कळवायचे कसे?

नगर : केडगाव, चास, कामरगाव या बाजूने सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत दुचाकीने कामाला जाणाऱ्यांना रस्त्यात गाडी बंद पडणे नवे नाही. मात्र, 'गाडी बंद पडली, येतोच' एवढाच निरोप दिला, तर ऐकणाऱ्याला ती सबब वाटते. याचे कारण असे, की वरिष्ठांना बिघाडाची कहाणी नको असते. माणूस किती वाजता येणार आणि तोवर त्याच्या कामाचे काय, हे त्यांना ठरवायचे असते.

एक उदाहरण पाहू. पाळी साडेआठची आहे. सकाळी ७.५० वाजता कामरगाव घाटाजवळ क्लचची तार तुटली. सर्वप्रथम गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी. त्यानंतर वेळेचा हिशेब करावा. गाडी गॅरेजपर्यंत ढकलत नेण्यास वीस मिनिटे, तार बदलण्यास तीस आणि पुढच्या प्रवासास वीस मिनिटे धरली, तर नऊ वाजतात. गॅरेज उघडे असेलच असे नाही. त्यामुळे वेळ 'साडेनऊ' सांगावी. नऊ सांगून साडेनऊला पोहोचणे म्हणजे दुसऱ्यांदा उशीर करणे होय. साडेनऊ सांगून सव्वानऊला पोहोचल्यास शब्द पाळला जातो.

पाळी सुरू होण्यापूर्वीच फोन करावा. फोन लागला नाही तर आणि लागला तरीही, लेखी नोंद राहावी म्हणून संदेश पाठवावा. तो असा असू शकतो : 'साहेब, ७.५० ला कामरगाव घाटाजवळ दुचाकीच्या क्लचची तार तुटली. मी सुखरूप आहे. साडेनऊपर्यंत पोहोचेन. गॅरेज बंद असेल तर एसटीने येईन. सकाळचा माल तपासण्याची नोंदवही कपाटात आहे. तेवढे काम सहकाऱ्याने पाहण्याचे कबूल केले आहे. साडेआठला पुन्हा कळवतो.'

या निरोपात क्षमायाचना लांबलेली नाही आणि दोषारोपही नाही. ठिकाण आणि बिघाड नेमका सांगितल्याने शंकेला जागा उरत नाही. साडेआठला पुन्हा कळवण्याचे वचन मात्र पाळलेच पाहिजे. ते चुकले, तर पहिला निरोपही फिका पडतो.

कारण खरे तेच सांगावे. पेट्रोल संपले असेल, तर 'इंजिन बिघडले' म्हणू नये. क्लच काही दिवसांपासून जड लागत असेल, तर तार तुटण्याची ती पूर्वसूचना होती. 'आजच बदलून घेतो' हे वाक्य इथे दिलगिरीपेक्षा जास्त उपयोगी पडते.

औद्योगिक आस्थापनांच्या १९४६ च्या कायद्याखालील आदर्श स्थायी आदेशांतही 'सवयीने' उशिरा येणे हे गैरवर्तन मानले गेले होते. म्हणजे एखाद्या दिवसाचा उशीर आणि सवय यांत भेद आहे. वेळेवर पाठवलेला संदेश हा भेद दाखवणारा पुरावा ठरतो. परंतु महिन्यातून तीनदा तीच तार तुटू लागली, तर कितीही नेमका निरोप उपयोगी पडणार नाही.