सुट्ट्या वगळून उशीर कसा मोजायचा? देवनहळ्ळीच्या एका गेटवरचा हिशेब

आज एक्सेलमधली दोन-तीन सूत्रं बघायची आहेत, पण सूत्रांआधी माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. चूक कळली की सूत्र आपोआप लक्षात राहतं.

मी देवनहळ्ळीला खरेदी विभागात काम करतो. बेंगळुरूचं विमानतळ ज्या तालुक्यात आहे, तेच हे गाव. एकेकाळी चकोत्र्यांसाठी ओळखलं जायचं, आता विमानांचे सुटे भाग बनवणारे कारखाने आणि गोदामं झाली आहेत. आमच्याकडे यंत्रावर कातलेले छोटे भाग बाहेरून येतात. एक पुरवठादार बेळगावचा, एक होसूरचा आणि एक पुण्याचा. डिसेंबर 2025 मध्ये आढावा बैठकीसाठी मी तक्ता केला: ऑर्डर कधी दिली, माल गेटवर कधी आला, आणि दोन्हींची वजाबाकी. पुरवठादारनिहाय सरासरी काढली. होसूर 9.3 दिवस, बेळगाव 10.7 दिवस. बैठकीत ठरलं की पुढच्या तिमाहीची मोठी ऑर्डर होसूरला द्यायची.

दोन दिवसांनी बेळगावच्या मालकांचा फोन आला. माणूस शांत, आवाज चढला नाही. एवढंच म्हणाले, "साहेब, दसऱ्याला न् दिवाळीला तुमचंच गेट बंद होतं की हो. माझी गाडी कुठं लावू सांगा?"

मी तक्ता परत उघडला. त्यांच्या तिन्ही ऑर्डरी नेमक्या सणांच्या दिवसांत होत्या, होसूरच्या तिन्ही सणांच्या बाहेर. मी पुरवठादार मोजत नव्हतो, पंचांग मोजत होतो.

आता हिशेब बघू. आमचं गेट सोमवार ते शुक्रवार उघडं असतं. त्या काळातल्या आमच्या सुट्ट्या होत्या 1 ऑक्टोबर आयुधपूजा, 2 ऑक्टोबर गांधी जयंती आणि दसरा, 20 ऑक्टोबर नरकचतुर्दशी, 22 ऑक्टोबर बलिपाडवा आणि 1 नोव्हेंबर कर्नाटक राज्योत्सव. ही यादी सरकारी यादीतून जशीच्या तशी उचलू नका. कर्नाटकात 7 ऑक्टोबरला वाल्मीकी जयंतीची सरकारी सुट्टी होती, पण आमचा कारखाना चालू होता. फलकावर वर्षाच्या सुरुवातीला लागते ती आपली यादी.

बेळगावची मधली ऑर्डर घेऊ. दिली 15 ऑक्टोबरला, बुधवारी. माल आला 28 ऑक्टोबरला, मंगळवारी. वजाबाकी 13 दिवस. आता बोटांवर मोजा: 16, 17, मग शनिवार-रविवार, 20 ला सुट्टी, 21, 22 ला सुट्टी, 23, 24, परत शनिवार-रविवार, 27, 28. झाले 7 दिवस. तेराचे सात! त्यांची पहिली ऑर्डर 29 सप्टेंबर ते 8 ऑक्टोबर, 9 दिवसांचे 5 झाले. तिसरी 31 ऑक्टोबर ते 10 नोव्हेंबर, 10 चे 6. सरासरी 6 दिवस.

होसूरची पहिली ऑर्डर 8 ते 17 सप्टेंबर, 9 दिवसांचे 7. दुसरी 15 ते 24 सप्टेंबर, परत 9 चे 7. तिसरी 10 ते 20 नोव्हेंबर, 10 चे 8. सरासरी 7.3. म्हणजे क्रम उलटा झाला. जो मागे दिसत होता तो पुढे होता.

हे एक्सेलला सांगायचं तर एक तक्ता करा. A मध्ये पुरवठादार, B मध्ये ऑर्डरची तारीख, C मध्ये कबूल केलेली तारीख, D मध्ये गेटवर माल आल्याची तारीख. सुट्ट्या J स्तंभात. मग लागलेले दिवस E मध्ये असे येतात:

```
=IF(D2="","",IF(D2<=B2,0,
 NETWORKDAYS.INTL(B2+1,D2,1,$J$2:$J$12)))
```

तिसऱ्या जागी असलेला 1 म्हणजे शनिवार-रविवार सुट्टी. फक्त रविवार सुट्टी असेल तर तिथे 11 लिहा. डॉलरची चिन्हं विसरू नका, नाहीतर सूत्र खाली ओढताना सुट्ट्यांची यादीही खाली सरकते आणि वरच्या सुट्ट्या गुपचूप गळतात.

B2+1 का लिहिलं, यावर थोडं थांबू, कारण बहुतेकांचं इथेच चुकतं. हे फंक्शन दोन्ही टोकं मोजतं. 15 ते 28 ऑक्टोबर विचारलं तर उत्तर 8 येतं, कारण 15 तारीखही धरली जाते. मग लोक शेवटी -1 लावतात. ऑर्डर कामाच्या दिवशी दिली असेल तोवर ते बरोबर येतं. पण ऑर्डर शनिवारी मेलवर गेली आणि माल सोमवारी आला तर? फंक्शन 1 देतं, त्यातून 1 गेला, उत्तर शून्य. सोमवार हा कामाचा पूर्ण दिवस हिशेबातून उडाला. सुरुवात दुसऱ्या दिवसापासून धरली की उत्तर 1 येतं, म्हणजे बरोबर. आणि माल ऑर्डरच्याच दिवशी आला तर सुरुवात शेवटाच्या पुढे जाते आणि फंक्शन उणे आकडा देतं, म्हणून मधलं IF.

आता उशीर. लागलेले दिवस वेगळे आणि उशीर वेगळा. उशीर कबूल केलेल्या तारखेपासून मोजायचा. पण कबूल केलेली तारीखच सुट्टीची निघाली तर? समजा तारीख दिली होती 1 नोव्हेंबर. त्या दिवशी शनिवार आणि राज्योत्सव, दोन्ही. माल सोमवारी, 3 तारखेला आला. गेटच बंद होतं, त्याआधी आणणार कसा? म्हणून आधी कबूल तारीख पुढच्या कामाच्या दिवसावर ढकलायची, F मध्ये:

```
=WORKDAY.INTL(C2-1,1,1,$J$2:$J$12)
```

एक दिवस मागे जाऊन एक कामाचा दिवस पुढे या, असं हे म्हणतं. तारीख कामाची असेल तर तीच राहते, नसेल तर पुढे सरकते. इथे 3 नोव्हेंबर येतं. मग G मध्ये उशीर:

```
=IF(D2="","",IF(D2<=F2,0,
 NETWORKDAYS.INTL(F2+1,D2,1,$J$2:$J$12)))
```

बेळगावच्या त्या मधल्या ऑर्डरीची कबूल तारीख 24 ऑक्टोबर होती. वजाबाकीने उशीर 4 दिवस, या सूत्राने 2. उशीर झालाच होता, तो पुसायचा नाही. पण चार आणि दोन यात दंडाच्या कलमाला फरक पडतो. तसं, 1 नोव्हेंबरसारखी सुट्टी शनिवारीच आली तर फंक्शन ती दोनदा वजा करत नाही. आमच्याकडे एक सहकारी कॅलेंडर घेऊन हाताने सुट्ट्या वजा करायचे, त्यांच्याकडून अशा सुट्ट्या दोनदा जायच्या.

पुरवठादारनिहाय सरासरी सोपी आहे. L2 मध्ये नाव लिहा:

```
=AVERAGEIFS($E$2:$E$500,$A$2:$A$500,L2)
```

सूत्र सोपं, पण सरासरी फसवी. माल अजून आलाच नाही त्या ओळीत E रिकामा दिसतो आणि सरासरी ती ओळ सोडून देते. म्हणजे सगळ्यात रखडलेली ऑर्डर पुरवठादाराच्या नावावर लागतच नाही. तो जितका रखडवेल तितका चांगला दिसेल. म्हणून मी शेजारी एक स्तंभ ठेवतो, ज्यात D रिकामा असेल तर TODAY() पर्यंतचे कामाचे दिवस येतात, आणि बैठकीत सरासरीच्या जोडीला सगळ्यात जुनी उघडी ऑर्डर वाचून दाखवतो. शिवाय किती ऑर्डरींची सरासरी तेही लिहितो. तीन ऑर्डरींवर 6 आणि 7.3 यांत कोण चांगला हे ठामपणे म्हणता येत नाही. मात्र माझा आधीचा निष्कर्ष त्यावर टिकत नव्हता एवढं नक्की.

आणखी एक जागा जपा, सुट्ट्यांच्या तारखा. संगणकाची मांडणी अमेरिकन असेल तर तुम्ही टाकलेला 1/10/2025 हा 10 जानेवारी होतो. चूक दाखवणारा संदेश येत नाही, फक्त आयुधपूजा कामाचा दिवस ठरते. ओळखायचं कसं? यादीच्या शेजारी `=TEXT(J2,"dddd")` लिहा. 1 ऑक्टोबर 2025 ला बुधवार होता. तिथे शुक्रवार दिसला, तर तो 10 जानेवारी आहे. यादी नव्या वर्षाची टाकायलाही लोक विसरतात, मग जानेवारीनंतरचे सगळेच पुरवठादार अचानक मंद वाटू लागतात.

राहिला पुण्याचा पुरवठादार. भोसरी-पिंपरीकडच्या पुष्कळ कारखान्यांना गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते, रविवारी यंत्रं चालू. यांचंही तसंच. दिवाळीत ते 21 आणि 22 ऑक्टोबरला बंद होते. त्यांना 15 ऑक्टोबरला दिलेली ऑर्डर 29 ला तिथून निघाली. आमच्या कॅलेंडरने 8 दिवस होतात. त्यांच्या कॅलेंडरने, तिसऱ्या जागी 15 म्हणजे फक्त गुरुवार लिहून आणि सुट्ट्यांची त्यांची यादी लावून, 10 होतात. आमच्या मोजणीत त्यांचे दोन चालू शनिवार-रविवार मोफत मिळाले होते.

मग खरं कोणतं? मी दोन्ही ठेवतो, पण वेगवेगळ्या कामाला. तिघांची तुलना आणि उशीर आमच्या कॅलेंडरने, कारण मालाची वाट आमचं गेट बघतं आणि तिघांना मोजपट्टी एकच हवी. कारखान्यात प्रत्यक्ष किती दिवस लागले हे विचारायचं असेल, तेव्हा माल निघाल्याच्या तारखेपर्यंत, त्यांच्या कॅलेंडरने. त्यासाठी गेटच्या तारखेशेजारी माल निघाल्याची तारीख लिहायला लागते, जी आमच्या तक्त्यात नव्हतीच. आता चलनावरून घेतो.

बेळगावच्या मालकांना मी नवा तक्ता पाठवला, दोन दिवसांच्या उशिरासकट. त्या तिमाहीची ऑर्डर तोवर होसूरला गेली होती, ती परत आणता आली नाही. पुढच्या बैठकीत मात्र सूत्रांसकट तक्ता पडद्यावर लावला आणि आधीचा आकडा माझाच चुकला होता हे सांगितलं. मालकांनी उत्तरात एकच ओळ पाठवली: "उगादी मार्चात आहे, यादीत घाला बघा."

घातली होती. तरी शेजारचा वार परत एकदा तपासला.