अकरा मिनिटांचं रेकॉर्डिंग आणि दोन मिलिग्रॅमची गोळी

डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडताना आपल्याला वाटतं, सगळं नीट कळलं. मग लिफ्टपर्यंत पोचेस्तोवर त्यातलं किती शिल्लक राहतं? रॉय केसेल्स या डच संशोधकाने 2003 साली या विषयावरचे अभ्यास एकत्र मांडले. डॉक्टर जे सांगतात त्यातलं 40 ते 80 टक्के रुग्ण लगेच विसरतो, आणि जे आठवतं त्यातलंही जवळजवळ निम्मं चुकीचं आठवतं! घाबरलेल्या माणसाची स्मरणशक्ती अशीच वागते. म्हणून डॉक्टरांची परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्डिंग करणं शहाणपणाचं. पण खरी गंमत त्यानंतर सुरू होते. अकरा मिनिटांच्या त्या बोलण्यातून घरच्यांसाठी अर्ध्या पानाची चिठ्ठी काढायची आहे, आणि ती वाचून कुणीतरी गोळी देणार आहे.

नमुन्यादाखल एक घर घेऊ. आई नागपूरची, वय 58, दोन वर्षांपूर्वी हृदयाची मायट्रल झडप बदलून धातूची बसवलेली. हिवाळ्यात मुलीकडे नोएडाला आली आहे आणि तपासणी दिल्लीच्या एका मोठ्या रुग्णालयात चालते. येत्या शनिवारी ती नागपूरला परतणार. तिथे गोळ्या देणार थोरला मुलगा, जो खोलीत नव्हता. रेकॉर्डिंग हिंदीत, मधेमधे इंग्रजी, आणि आई-लेकीची कुजबुज मराठीत.

धातूच्या झडपेवर रक्ताची गुठळी चटकन धरते, म्हणून रक्त जरा ‘सैल’ ठेवावं लागतं. त्यासाठी आपल्याकडे सर्रास दिली जाणारी गोळी म्हणजे असिट्रोम. तिच्यातलं औषध असेनोकुमारॉल, आणि त्याचंच जुनं नाव निकौमेलोन. एकच औषध, तीन नावं! रक्त किती सैल झालंय हे सांगणारा आकडा म्हणजे आयएनआर. निरोगी माणसाचा साधारण 1. आईचा डॉक्टरांनी 2.5 ते 3.5 मधे ठेवायला सांगितलेला. खाली गेला तर झडप अडकायची भीती, वर गेला तर रक्तस्रावाची. हे मापही किती देखणं आहे पाहा. पूर्वी प्रत्येक प्रयोगशाळेचं रसायन वेगळं, म्हणून आकडे वेगळे आणि एकमेकांशी न जुळणारे. 1983 साली जागतिक आरोग्य संघटनेने हा आंतरराष्ट्रीय हिशेब स्वीकारला, म्हणून आज नोएडातल्या रिपोर्टशेजारी नागपूरचा रिपोर्ट ठेवून बघता येतो.

आता रेकॉर्डिंगच्या चौथ्या मिनिटाला कान लावा. आईचा आयएनआर आलाय 4.6. डॉक्टर म्हणतात, “अभी रोज़ तीन ले रही हैं ना? ज़्यादा है ये. दो कर देते हैं… नहीं, रुकिए, सीधे दो से तो नीचे चला जाएगा. एक दिन तीन, एक दिन दो. और आज की मत लीजिए.”

दहा सेकंदांत किती घडलं! एक मात्रा विचारली, एक सांगितली, ती लगेच मागे घेतली, तिसरी दिली आणि शेवटी आजचा दिवस वगळला. माणसं अशीच बोलतात, बोलता बोलता स्वतःलाच दुरुस्त करत. खोलीत बसलेल्याला ते खटकत नाही, कारण चेहरा दिसत असतो. पण घाईने लिहून घेणारा ‘दो कर देते हैं’ ऐकतो, लिहितो आणि पुढे जातो. रोज तीन म्हणजे आठवड्याला 21 मिलिग्रॅम. एकाआड एक तीन आणि दोन म्हणजे सरासरी 17.5, सुमारे सहाव्या हिश्शाची कपात. रोज दोन म्हणजे 14, थेट तिसरा हिस्सा गायब! डॉक्टरांनी वाक्याच्या मध्यावर थांबून नेमकं हेच टाळलं होतं. म्हणून अनुभवी माणूस मात्रेचं वाक्य एकदा ऐकून लिहीत नाही. दुरुस्ती संपेपर्यंत ऐकतो, शेवटचं वाक्य घेतो आणि चिठ्ठीत जुनी मात्राही नोंदवतो: ‘आधी रोज 3 मिग्रॅ. होती, आता बदलली’. नाहीतर नागपुरात जुन्या चिठ्ठीवरचं ‘रोज 3’ तसंच चालू राहील.

इथेच सारांशाचा पेच उघडा पडतो. बोलण्याचा सारांश होतो, पण फोन नंबरचा कधी केलाय? दहा आकड्यांतले महत्त्वाचे सात ठेवले, असं चालतं का? औषधाचं नाव, एका गोळीतली ताकद, किती गोळ्या, कोणत्या वेळी, किती दिवस आणि कोणत्या अटीवर, हे सगळं जसंच्या तसं यायला हवं. बाकीचं हवं तितकं आटवा. कशी आहे, काय आढळलं, डॉक्टर काळजीत वाटले का, यासाठी दोन ओळी पुरतात.

आणि ताकद लिहिताना एकक का सोडायचं नाही, हे नागपूरच्या घरात जाऊन बघा. तिथे असिट्रोमच्या 3 मिलिग्रॅमच्या गोळ्या आधीपासून पडल्या आहेत. चिठ्ठीत नुसतं ‘आज 2’ असेल तर भाऊ काय करेल? तीनच्याच पाकिटातल्या दोन गोळ्या देईल. झाले सहा मिलिग्रॅम! ही गोळी 1, 2, 3 आणि 4 मिलिग्रॅममधे मिळते, त्यामुळे ‘2’ या आकड्याला एकट्याने काहीच अर्थ नाही. ‘2 मिग्रॅ.ची 1 गोळी’ असंच लिहायचं.

आता एक मजेची गोष्ट. या भेटीचे साक्षीदार तीन: रेकॉर्डिंग, डॉक्टरांचा कागद आणि औषधाची स्ट्रिप. प्रत्येकाला दुसऱ्याला ठाऊक नसलेलं काहीतरी ठाऊक असतं. नावाचं स्पेलिंग कागदाला माहीत. 2016 साली मेडिकल कौन्सिलने तर औषधं जेनेरिक नावाने, सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहा असा नियमच केला. आतलं औषध आणि मिलिग्रॅम स्ट्रिपला माहीत. रेकॉर्डिंगचा कान मात्र नावांच्या बाबतीत कच्चा. लॅसिक्स हे पाणी उतरवणारं औषध आणि लोसेक हे आम्लपित्ताचं. दोन्ही इतकी सारखी ऐकू यायची आणि दिसायची की अमेरिकेत 1990 साली लोसेकचं नाव बदलून प्रिलोसेक करावं लागलं. म्हणून नाव कानावरून लिहायचं नाही, कागद आणि स्ट्रिप समोर धरून लिहायचं.

मग रेकॉर्डिंगला असं काय माहीत असतं? तर ‘नको’! कागदावर काय घ्यायचं ते असतं, काय घ्यायचं नाही ते बहुतेक वेळा नसतंच. सातव्या मिनिटाला आई लेकीला हळूच सांगते, “गुडघ्याला ते कॉम्बिफ्लाम घेते मी, हे सांगू का?” लेक सांगते आणि डॉक्टर एकदम आवाज चढवतात: “वो बिलकुल नहीं. सिर्फ़ पैरासिटामॉल, वो भी ज़रूरत पड़े तो.” कॉम्बिफ्लाममधे पॅरासिटामॉलबरोबर आयबुप्रोफेनही असतं, आणि रक्त सैल करणाऱ्या गोळीच्या जोडीला ते पोटात रक्तस्राव घडवू शकतं. कागदावर याचं एवढंच उरलं: पॅरासिटामॉल 500, पुढे ‘एसओएस’. ही मदतीची हाक नव्हे, ‘गरज पडली तर’ या अर्थाची लॅटिन संज्ञा आहे. कॉम्बिफ्लामचा कागदावर मागमूस नाही. रेकॉर्डिंग नसतं तर तो ‘बिलकुल नहीं’ त्या खोलीतच राहिला असता.

पण सगळ्यात चकित करणारा धागा नवव्या मिनिटाला सापडतो. आयएनआर वर का गेला? डॉक्टर विचारतात, खाण्यात काही बदललं का? आई म्हणते, दोन महिन्यांपासून पालेभाजी अजिबात बंद केली आहे, मागच्या वेळी घरच्या ग्रुपवर तसं लिहून आलं होतं. डॉक्टर हसतात: “मैंने बंद नहीं कहा था. साग खाइए, बस हर हफ़्ते एक जैसा.”

बघा, काय झालं ते! असेनोकुमारॉल व्हिटॅमिन के-चं काम अडवतं, आणि पालक, मेथी, सरसों यांत के भरपूर. खाणं आणि गोळी यांचा तोल साधून मात्रा ठरते. भाजी अचानक वाढवली तर आयएनआर खाली, अचानक तोडली तर वर. मूळ सूचना होती ‘सारखं प्रमाण ठेवा’. सारांशात तिची झाली ‘पालेभाज्या बंद’. लहान, ठसठशीत आणि उलटी. सांभाळायचं प्रमाण असलेल्या सूचना आटवताना अनेकदा हो किंवा नाही यांपैकी एका टोकाला घसरतात. ‘मीठ कमी’चं ‘मीठ बंद’ होतं, ‘जिना हळू चढा’चं ‘जिना चढू नका’ होतं. अशी ओळ डॉक्टरांच्या शब्दांतच ठेवलेली बरी.

आता चिठ्ठी लिहायला बसू. लगेच अडतं. आज गोळी नाही, हे पक्कं. उद्या शुक्रवारी तीन की दोन? रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं तरी उत्तर नाही, कारण डॉक्टरांनी ते सांगितलंच नव्हतं! कागदावरही नुसतं ‘3/2 एकाआड एक’. इथे मनाने काहीतरी भरून टाकण्याचा मोह प्रचंड असतो. चिठ्ठी मग पूर्ण दिसते, सुबक दिसते, आणि त्यात डॉक्टरांच्या तोंडी न आलेली एक मात्रा शिरते. मुलीने तिथे लिहिलं, ‘उद्या कोणती, विचारायचं आहे’, आणि ओपीडीतल्या निवासी डॉक्टरांना गाठलं. उत्तर: दोनपासून.

मग ‘एकाआड एक’ हे शब्द काढून टाकले आणि वार मांडले. गुरुवारी गोळी नाही. शुक्रवारी 2 मिग्रॅ.ची एक, शनिवारी 3 मिग्रॅ.ची एक, रविवारी 2, सोमवारी 3, मंगळवारी 2, बुधवारी 3. वेळ संध्याकाळी सहा. सहाच का? सकाळी रक्त दिलं की दुपारपर्यंत रिपोर्ट येतो, आणि त्या दिवशीची मात्रा बदलायला डॉक्टरांच्या हाती वेळ राहतो. एखादी गोळी राहिली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घ्यायची नाही, हेही रेकॉर्डिंगमधलंच. आणि कशासाठी थेट रुग्णालय गाठायचं: काळं शौच, न थांबणारं नाकातलं रक्त, डोक्याला मार, बोलणं अडखळणं किंवा तोंड वाकडं होणं.

बदलाचा परिणाम लगेच दिसत नाही, हेही नवलच. रक्त गोठवणारे जे घटक आधीच रक्तात फिरत असतात, ते हळूहळू संपतात. त्यातला प्रोथ्रोम्बिन निम्मा व्हायलाच सुमारे 60 तास घेतो. म्हणजे आजच्या गोळीचा खरा परिणाम दोन-तीन दिवसांनी आकड्यात उतरतो! म्हणून पुढची तपासणी उद्या नाही, येत्या गुरुवारी.

चिठ्ठी पाठवण्याआधी मुलीने आईला विचारलं, ग्रुपवर टाकू का? आई म्हणाली, दादाला पाठव, सगळ्यांना कशाला. मग भावाला फोन, आणि उलटी परीक्षा: “वाचू नकोस, सांग. रविवारी काय देशील?” भाऊ म्हणाला, “दोन.” “दोन काय?” दोन सेकंद शांतता. “दोन मिलिग्रॅमची एक. पण अगं, माझ्याकडे तर तीनचंच पाकीट आहे.” चिठ्ठीत न दिसलेली अडचण अशी बोलण्यात सापडली. शुक्रवारीच नोएडात दोनच्या गोळ्या घेऊन आईच्या पर्समधे ठेवल्या.

चिठ्ठीच्या डोक्यावर तारीख, आणि खाली एक ओळ: ‘गुरुवारचा रिपोर्ट येईपर्यंतच. नंतर ही चिठ्ठी पुसून टाकणे.’