पंधरा घटकांचा गट नेहमी चक्रीयच का?

गट म्हणजे अशा क्रियांचा संच, की कोणत्याही दोन क्रिया लागोपाठ केल्या तरी संचातलीच क्रिया मिळते आणि प्रत्येक क्रिया उलटवता येते. एकाच क्रियेची पुनरावृत्ती करून सगळा गट हाती येत असेल, तर तो चक्रीय. 15 घटकांचा कोणताही गट घ्या, तो चक्रीयच निघतो. कारण निव्वळ मोजणीत आहे.

एखादी क्रिया किती वेळा केल्यावर आपण मूळ स्थितीवर येतो, तो आकडा तिची कोटी. ती 15 ची विभाजकच असते: 1, 3, 5 किंवा 15. आता नॉर्वेच्या लुडविग सिलो यांचे 1872 चे प्रमेय लावू. 5 घटकांच्या उपगटांची संख्या 3 ला भागते आणि तिला 5 ने भागल्यास बाकी 1 उरते. 1 किंवा 3 पैकी 1 च बसतो. 3 घटकांच्या उपगटांसाठी पर्याय 1 आणि 5. पण 5 ला 3 ने भागल्यास बाकी 2, म्हणून तिथेही एकच.

आता हिशेब सोपा. कोटी 5 चे घटक 4, कोटी 3 चे 2 आणि काहीच न बदलणारा 1, एकूण 7. उरलेल्या 8 घटकांची कोटी 15 च असणार. त्यातला एकही पुरे.

दोन मूळ संख्यांचा गुणाकार असला की हे जमतेच असे मात्र नाही. समभुज त्रिकोणाच्या 6 सममितींत 2 घटकांचे उपगट तीन असतात, प्रत्येक आरशी प्रतिबिंबाचा एक. 3 ला 2 ने भागल्यास बाकी 1, त्यामुळे सिलोंची अट तिथे आडवी येत नाही.