चार्जिंगची पिन फोनमध्येच मोडली तर

तुर्भ्याच्या आमच्या गटातली एक ताई परवा घाबरून आली. चार्जिंगच्या वायरीत मुलाचा पाय अडकला आणि टाइप-सी पिनचं टोक मोडून फोनमध्येच राहिलं. गटाचा हिशोब त्याच फोनमध्ये, आणि बॅटरी उरलेली वीस टक्के.

आम्ही आधी फोन बंद केला. त्यामुळे बॅटरी वाचते आणि आत शॉर्ट होण्याची भीती कमी होते. मग दुसऱ्या फोनच्या टॉर्चने आत पाहिलं. या खाचेत मधोमध एक पातळ पट्टी असते आणि पिनचं पोकळ टोक तिच्यावर टोपणासारखं बसतं. म्हणून सुई-टाचणी घालून उचकटायचं नाही. पट्टी तुटली, तर अख्खी खाच बदलावी लागते. फेविक्विक लावून ओढायचाही मोह नको. तो आत ओघळला की टोक कायमचं चिकटतं.

ताईच्या फोनमध्ये टोकाची कड जराशी बाहेर होती. बारीक चिमट्याने फक्त ती कड धरली आणि न पिळता, न हलवता सरळ ओढली. दुसऱ्या खेपेला टोक निघालं. कड दिसतच नसेल किंवा दोन-तीनदा ओढूनही हललं नाही, तर थांबा आणि फोन बंदच ठेवून दुरुस्तीवाल्याकडे न्या.

टोक निघाल्यावर पट्टी सरळ आहे ना, तुकडा राहिला नाही ना, ते पाहा. मग चांगली वायर लावून दहा मिनिटं जवळ बसा. पिनेजवळ गरम लागलं, किंवा वायर वाकडी धरल्यावरच चार्जिंग होत असेल, तर लगेच काढा आणि फोन दुकानात दाखवा. ताईचा फोन नीट चार्ज झाला. त्याच दिवशी तिने हिशोब वहीतही उतरवला.