एक की नऊ?

गावातल्या दूध संकलन केंद्राची जुनी वही एक्सेलमध्ये उतरवायची असते. मोबाइलवर पानाचा फोटो काढला की संगणक अक्षर वाचतो आणि तक्ता तयार करतो. पण वहीत मराठी आणि इंग्रजी आकडे सर्रास मिसळलेले असतात, आणि घाईत लिहिलेला मराठी एक इंग्रजी नऊसारखा दिसतो. मराठी चार इंग्रजी आठसारखा आणि मराठी पाच इंग्रजी चारसारखा वाटू शकतो. 'वरच्याप्रमाणेच' म्हणून मारलेल्या दोन उभ्या रेघा तर संगणक अकरा म्हणून वाचतो.

म्हणून फोटो वरून सरळ, सावली न पडता, एका वेळी एकाच पानाचा घ्यावा. मग रेघांच्या आधाराने प्रत्येक चौकट वेगळी कापून वाचायची. रिकामी चौकट रिकामीच ठेवायची, तिथे शून्य भरायचे नाही. जो अंक दोन प्रकारे वाचता येतो, तिथे दोन्ही पर्याय लिहून चौकट पिवळी करायची.

समजा, एका सभासदाच्या ओळीत दुधाचा आकडा १.५ किंवा ९.५ लिटर वाचला गेला, दर ३८ रुपये स्पष्ट आहे आणि रक्कम ३६१ किंवा ३६९ दिसते. दीड लिटरचे ५७ रुपये होतात, साडेनऊचे ३६१. चार जोड्यांपैकी एकच जुळते, म्हणजे दोन्ही शंका एकदम मिटतात. तरीही 'हिशेबाने ठरवले' अशी नोंद शेजारी हवीच, कारण पाहून वाचलेला आणि गुणाकाराने काढलेला आकडा सारखा विश्वासाचा नसतो.

पुढच्या ओळीत साडेसात लिटर, दर ३८ आणि रक्कम २७५, सगळे अंक ठसठशीत. गुणाकार मात्र २८५ येतो. ही चूक लिहिणाऱ्याची असावी. इथे दुरुस्ती करायची नाही. २७५ जसेच्या तसे ठेवून बाजूला शेरा मारायचा. शेतकऱ्याच्या हातात कदाचित २७५ रुपयेच पडले असतील, आणि वहीतली ती नोंद पुसण्याचा अधिकार तक्ता उतरवणाऱ्याला नाही.

सभासद क्रमांक १७ की ९७, हे मात्र कोणताही गुणाकार सांगत नाही. त्यासाठी सभासदांची यादीच उघडावी लागते. फॅट ३.१ की ३.९, याचा निकाल त्या काळचे दरपत्रक हाताशी असेल तरच लागतो, कारण दर फॅटवर ठरतो.

सर्वांत घातक चूक पिवळी होतच नाही. संगणक कधीकधी चुकीचा अंकही खात्रीने वाचतो. म्हणून पिवळ्या चौकटी तपासून झाल्यावर न रंगवलेल्यांपैकीही काही चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडून मूळ पानाशी ताडून पाहा. त्यात चुका सापडल्या, तर ते पान पुन्हा पूर्ण तपासा. आणि तपासणी संपेपर्यंत प्रत्येक आकड्याशेजारी त्याच्या चौकटीचा फोटो ठेवा. मूळ वही रद्दीत घालू नका.