सही कोणाची, कधीपर्यंत?

महाराष्ट्रात कुलमुखत्यारपत्राच्या आधारे घराचे खरेदीखत नोंदवायचे असेल, तर दुय्यम निबंधक कार्यालयात मुखत्याराला एक घोषणापत्र द्यावे लागते. मजकूर ठरलेला असतो: कुलमुखत्यारपत्र लिहून देणाऱ्याने ते रद्द केलेले नाही, आणि ती व्यक्ती मयत झालेली नाही. हे कथन खोटे निघाले, तर नोंदणी अधिनियमाच्या कलम 82 नुसार शिक्षा होऊ शकते. कागदांच्या गठ्ठ्यात हे पान सहज दुर्लक्षित राहते, पण सगळा व्यवहार त्यावरच उभा असतो.

समजा, नाशिकच्या एका निवृत्त शिक्षिकेला आपला फ्लॅट विकायचा आहे. गुडघे साथ देत नाहीत, मुलगी बंगळुरूला, मुलगा अमेरिकेत. म्हणून त्यांनी भाच्याला नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र दिले. त्याने गिऱ्हाईक शोधले, साठेखत केले, बयाणा बाईंच्या खात्यात जमा झाला. खरेदीखताला तीन आठवडे असताना बाई गेल्या. तेराव्यानंतर भाचा म्हणतो, “मावशीनेच अधिकार दिलाय, तोही नोंदणी करून. मी सही करून टाकतो, म्हणजे सगळे मोकळे.”

त्याचा हेतू चांगला असेलही, पण त्याला आता सही करता येत नाही. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 201 प्रमाणे अधिकार देणारा मरण पावला, की प्रतिनिधीचा अधिकार संपतो. नोंदणी झाली म्हणून मुखत्यारपत्राचे आयुष्य वाढत नाही. कायद्याने एक सवलत ठेवली आहे: मृत्यूची बातमी कळण्याआधी मुखत्याराने प्रामाणिकपणे केलेला व्यवहार त्याच कारणावरून मोडत नाही. इथे तर भाच्यानेच खांदा दिला होता.

मग गिऱ्हाइकाचे काय? साठेखत मात्र बाईंबरोबर संपत नाही. ते पुरे करण्याची जबाबदारी आता फ्लॅट ज्यांच्याकडे आला त्यांच्यावर येते, आणि तो कोणाकडे आला, हे मृत्युपत्र सांगते.

बाईंनी चार वर्षांपूर्वी मृत्युपत्र केले होते: फ्लॅट दोन्ही मुलांना निम्मा-निम्मा. त्याला मुद्रांक लागत नाही आणि नोंदणीही ऐच्छिक आहे, पण दोन साक्षीदारांनी सही करणे आवश्यक आहे. (साक्षीदार शक्यतो आपल्यापेक्षा तरुण घ्यावेत, उद्या कोर्टात सही शाबित करायची वेळ आली, तर निदान एक तरी हयात हवा.) ही चार वर्षे त्या कागदाने कोणालाच काही दिले नव्हते. मुलीला त्याच्या जोरावर फ्लॅटवर कर्ज काढता आले नसते, आणि बाईंना तो केव्हाही फाडून नवा करता आला असता. त्यांच्या हयातीतच खरेदीखत झाले असते, तर फ्लॅटचे ते कलम आपोआप निरर्थक ठरले असते. मृत्यूच्या क्षणी मात्र मृत्युपत्र लागू झाले.

म्हणजे खरेदीखतावर आता दोन्ही मुलांच्या सह्या हव्यात. मुलाला भारतात येणे जमत नसेल, तर तो बहिणीला मुखत्यारपत्र देऊ शकतो. ते तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून इकडे पाठवायचे आणि ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचे. हे मुखत्यारपत्र चालते, कारण ते हयात मालकाने स्वतःच्या हिश्शापुरते दिलेले असते.

हे दोन्ही कागद हातात देऊन घर ‘विकण्याची’ पद्धत दिल्ली-हरियाणाकडे एकेकाळी बोकाळली होती. पैसे पूर्ण घ्यायचे आणि खरेदीखताऐवजी विक्रीचा करार, मुखत्यारपत्र नि मृत्युपत्र द्यायचे. सुरज लॅम्प खटल्यात ऑक्टोबर 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की अशा कागदांनी मालकी बदलत नाही. ते साहजिकच होते. मुखत्यारपत्र विकणाऱ्याबरोबर संपणार, आणि मृत्युपत्र त्याला मरेपर्यंत बदलता येणार.

सर्वांत मोठी अडचण मात्र मृत्यूच्या अलीकडे असते. शिक्षिका बाई गेल्या नसत्या, पण पक्षाघाताने बेशुद्ध पडल्या असत्या, किंवा विस्मरणाच्या आजारात त्यांना व्यवहार समजेनासा झाला असता तर? कलम 201 मध्ये मृत्यूच्या जोडीला मनाची अस्वस्थताही आहे, म्हणजे भाच्याच्या अधिकाराला तिथेही सुरुंग लागतो. मृत्युपत्र तर बाई हयात असेपर्यंत लागू होत नाही, आणि समज गेल्यावर नवे करताही येत नाही. इंग्लंडमध्ये अशा अवस्थेतही चालणारे मुखत्यारपत्र आधीच नोंदवून ठेवता येते. भारतीय कायद्यात तशी सर्वसाधारण सोय नाही. बँकेतले खाते ‘दोघांपैकी कोणीही’ अशा सूचनेने मुलीबरोबर संयुक्त असेल, तर औषधपाण्याचा रोजचा खर्च भागण्याची शक्यता असते. फ्लॅट विकून उपचार करायचे असतील, तर न्यायालयातून पालक नेमून घ्यावा लागतो. केरळ उच्च न्यायालयाने 2019 मध्ये बेशुद्धावस्थेतील रुग्णांसाठी असा पालक कसा नेमावा, याची मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्यासाठी डॉक्टरांचा अहवाल, मालमत्तेचा तपशील आणि वारसांची माहिती न्यायालयापुढे ठेवावी लागते.